‘नो अक्यूट अॅब्नॉर्मॅलिटी’ म्हणजे नेमकं काय दिसलं नाही?

स्कॅनचा रिपोर्ट आता अनेकदा डॉक्टरांच्या आधी रुग्णाच्याच मोबाइलवर पोचतो. तो उघडला की नजर थेट शेवटच्या ‘इम्प्रेशन’वर, म्हणजे निष्कर्षावर जाते. तिथे ‘नो अक्यूट इंट्राक्रेनियल अॅब्नॉर्मॅलिटी’ वाचून घरातल्यांच्या जिवात जीव येतो, आणि लगेच खाली ‘क्लिनिकल कोरिलेशन अॅडव्हाइज्ड’ दिसलं की पुन्हा धडधड सुरू होते. पहिल्या वाक्याचा अर्थ ‘मेंदूला काहीही झालेलं नाही’ असा घेतला जातो, दुसऱ्याचा ‘काहीतरी सापडलंय, पण सांगत नाहीत’ असा. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. त्यातली पहिली चूक जिवावर बेतू शकते, म्हणून तिच्याबद्दलच सविस्तर लिहितो.

समजा, चौसष्ट वर्षांच्या एका गृहस्थांचा उजवा हात सकाळी अचानक लुळा पडला. तोंड किंचित वाकडं झालं, बोलायला शब्द सापडेनात. दीड तासाच्या आत त्यांच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट असा: व्हेंट्रिकल्स म्हणजे मेंदूतल्या पोकळ्या अनरिमार्केबल, रक्तस्राव नाही, वयानुसार मेंदू थोडा आकसलेला, जुने स्मॉल व्हेसल बदल, नो अक्यूट अॅब्नॉर्मॅलिटी, क्लिनिकल कोरिलेशन अॅडव्हाइज्ड. मुलगा म्हणतो, ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे.’ आणि डॉक्टर म्हणतात, ‘हा पक्षाघात आहे, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आत्ता द्यायला हवं, संमती द्या.’ मुलाला वाटतं, रिपोर्ट आणि डॉक्टर यांच्यापैकी कोणीतरी चुकतंय. खरं तर दोघं एकच गोष्ट सांगताहेत. ते कसं, हे समजायला सीटीला नेमकं काय दिसतं ते पाहावं लागेल.

सीटी मोजतो ती एकच गोष्ट: शरीराच्या प्रत्येक बारीकशा ठोकळ्यात क्ष-किरण किती अडले. हा तंत्रशोध लावणाऱ्या गॉडफ्रे हौन्सफील्ड यांना १९७९ साली अॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं आणि मोजमापाच्या एककालाही त्यांचंच नाव पडलं. या मापात पाणी शून्यावर, हवा उणे एक हजारावर, हाड कित्येक शेकड्यांच्या वर. मेंदूचा मात्र सगळा कारभार अगदी अरुंद पट्टीत चालतो. त्यातला पांढरा भाग साधारण पंचवीस ते तीस, करडा भाग पस्तीस ते चाळीसच्या आसपास. म्हणजे फरक जेमतेम दहा एककांचा. ताज्या गोठलेल्या रक्तात प्रथिनं दाटलेली असतात, त्यामुळे ते साठ ते ऐंशीपर्यंत जातं आणि चित्रात पांढरंशुभ्र चमकतं. ताजा रक्तस्राव सीटीवर पटकन दिसतो तो यामुळे. याला एक अपवाद लक्षात ठेवावा: रुग्णाचं हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर ताजं रक्तही मेंदूच्याच रंगाचं दिसू शकतं.

आता रक्तवाहिनी फुटण्याऐवजी तुंबली तर काय होतं? माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे.

मेंदूच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीवर एक पंप अखंड चालू असतो. तो सोडियम बाहेर फेकतो आणि पोटॅशियम आत घेतो. त्याला सतत ऊर्जा लागते आणि ती रक्तातून येणाऱ्या ऑक्सिजन व ग्लुकोजवर तयार होते. निरोगी मेंदूच्या १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. हा पुरवठा निम्म्याच्याही खाली आला की पेशी काम थांबवतात. हात लुळा पडतो, शब्द हरवतात, पण पेशी अजून जिवंत असतात. पुरवठा १० मिलिलिटरच्या आसपास घसरला की पंपच बंद पडतो. सोडियम पेशीत घुसतं, त्याच्यामागोमाग पाणी घुसतं आणि पेशी फुगते.

ती फुगली, मग सीटीला ते का दिसू नये? कारण हे पाणी आलं ते शेजारूनच, दोन पेशींमधल्या फटीतून. बादलीतलं पाणी घागरीत ओतलं म्हणून खोलीतलं एकूण पाणी वाढत नाही, तसंच हे. सीटीच्या एका ठोकळ्यात हजारो पेशी आणि त्यांच्यामधल्या फटी एकत्र मोजल्या जातात. पाणी आत आहे की बाहेर याच्याशी क्ष-किरणांना देणंघेणं नसतं. ठोकळ्याची बेरीज तीच, म्हणून आकडाही तोच.

बदल होतो तो पुढच्या टप्प्यात. फटींमधलं सोडियम संपत आलं की ते हळूहळू केशवाहिन्यांतल्या रक्तातून ओढलं जातं, सोबत बाहेरचं पाणीही येतं, आणि आता एकूण पाणी खरोखर वाढू लागतं. ऊतीत एक टक्का पाणी वाढलं की सीटीचा आकडा साधारण अडीच एककांनी उतरतो. सुरुवातीच्या तासांत वाढ होते ती एखाद-दोन टक्क्यांची. म्हणजे घसरण अडीच ते पाच एककांची, आणि चित्रातला नैसर्गिक खरखरीतपणाही जवळपास तेवढाच असतो. स्कॅन वाचणारा रेडिओलॉजिस्ट पडद्यावर करड्या छटांची पट्टी मुद्दाम अरुंद करून करडा आणि पांढरा भाग यांच्यातली सीमा कुठे पुसट झाली आहे का, हे शोधतो. कधी तुंबलेल्या धमनीतली गुठळीच पांढऱ्या रेषेसारखी दिसते. पण पुष्कळदा दीड तासाच्या चित्रात काहीच सापडत नाही. तेच चित्र दुसऱ्या दिवशी काढलं तर मेंदूचा तो भाग स्पष्ट काळपट दिसतो.

म्हणून त्या गृहस्थांच्या रिपोर्टमधलं ‘नो अक्यूट अॅब्नॉर्मॅलिटी’ असं वाचावं: या क्षणी, या यंत्राला दिसू शकणारी नवी आणि तातडीची गोष्ट आढळली नाही. त्यातला मोलाचा भाग म्हणजे रक्तस्राव नाही. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्राव असलेल्या मेंदूत दिलं तर घात होईल. तो नाही, लक्षणं सुरू होऊन साडेचार तास उलटलेले नाहीत, शुगर तपासून ती कमी नसल्याची खात्री केली आहे, मग औषधाचा मार्ग मोकळा होतो. इथे ‘नॉर्मल’ रिपोर्ट हा उपचार टाळण्याचं कारण नाही, तो उपचाराचा परवाना आहे. मोठी धमनी तुंबलेली असताना मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा २००६ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. रिपोर्टवर वाद घालण्यात गेलेली वीस मिनिटं या हिशोबात धरावीत.

त्याच रिपोर्टमध्ये ‘जुने स्मॉल व्हेसल बदल’ आहेत आणि तरीही ‘अक्यूट’ काही नाही, यात विसंगती नाही. ‘अक्यूट’ म्हणजे ताजं. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने बारीक वाहिन्या जाड झाल्याच्या या खुणा असतात आणि वय वाढेल तशा त्या फार लोकांत सापडतात. रक्तदाब, शुगर, तंबाखू यांच्याकडे लक्ष द्यायला हवं एवढं त्या सांगतात. हे ठिपके ‘साफ करून’ मेंदूतले ब्लॉकेज उघडून देतो म्हणणारे काढे आणि पावडरी विकणारे भेटतात. जिथे ऊतीचा व्रण झाला आहे तिथे उघडण्यासारखं काही उरलेलं नसतं. असल्या औषधांच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करणं म्हणजे पुढच्या झटक्याला निमंत्रण देणं.

‘अनरिमार्केबल’ हा शब्द त्या मानाने सरळ आहे: तो भाग पाहिला, नोंद करण्याजोगं काही नाही. फक्त त्याच्या आगेमागे काय लिहिलंय ते वाचावं. ‘दिसणारा भाग अनरिमार्केबल’ म्हणजे उरलेला भाग चित्रात आलाच नव्हता. ‘ग्रॉसली’ जोडलेलं असेल तर ढोबळमानाने ठीक. बारकाव्यांसाठी ही तपासणी नव्हती.

उरलं ‘क्लिनिकल कोरिलेशन’. याचा अर्थ, चित्रातली माहिती रुग्णाच्या लक्षणांशी आणि तपासणीशी जुळवून पाहा. याची गरज का पडते ते हिशोबानेच कळेल. खालचे आकडे फक्त गणितासाठी धरले आहेत. समजा, सीटी पहिल्या दोन तासांत १०० पैकी ४० पक्षाघात पकडतो आणि नसलेला पक्षाघात कधीच दाखवत नाही. त्या गृहस्थांसारखी ठळक लक्षणं असलेले १०० रुग्ण घ्या, त्यातल्या ८० जणांना खरोखर पक्षाघात आहे. सीटी ३२ पकडेल, ४८ सुटतील. बाकी २० जणांचा रिपोर्ट तर स्वच्छच येणार. म्हणजे ‘काही नाही’ असा रिपोर्ट ६८ जणांच्या हातात आणि त्यातल्या ४८ जणांना पक्षाघात आहे. दर दहातल्या सातांना! आता महिनोन्महिने डोकं दुखतं एवढीच तक्रार असलेले १,००० लोक घ्या, त्यात पक्षाघाताचे पाच. सीटी दोन पकडेल, तीन सुटतील. स्वच्छ रिपोर्ट ९९८ जणांचा आणि त्यात आजारी फक्त तीन. यंत्र तेच, वाक्य तेच, पण पहिल्या गटात त्या वाक्यावर विसंबणं घातक आणि दुसऱ्यात बऱ्यापैकी सुरक्षित. फरक पडला तो स्कॅनच्या आधी काय माहीत होतं त्यामुळे. ते माहीत असतं रुग्णाला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरला. रेडिओलॉजिस्टच्या हातात बहुतेक वेळा ‘अशक्तपणा’ किंवा ‘डोकेदुखी’ एवढाच शब्द लिहिलेली चिठ्ठी असते.

या वाक्याचा सरधोपट वापर मला मान्य नाही. प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी ते छापून टाकलं की त्यात माहिती उरत नाही. ‘लक्षणं मेंदूच्या खोडाची असतील तर एमआरआय करावा’ असं नेमकं लिहिलेलं कोरिलेशन दहापट उपयोगी. कारण कवटीच्या तळाशी कानामागची जाड हाडं क्ष-किरण इतके अडवतात की तिथल्या सीटीवर पट्टे उमटतात आणि मेंदूचं खोड नीट दिसत नाही. एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजली जाते. पेशीत अडकलेलं पाणी मोकळेपणाने हलू शकत नाही, म्हणून घागर भरल्यापासून थोड्याच मिनिटांत ती जागा उजळते. तरीही खोडातला छोटासा पक्षाघात पहिल्या दिवशी त्यातूनही निसटू शकतो.

आजार बदलला की वेळेचा हिशोब उलटा होतो. क्षणात कळस गाठणारी भयंकर डोकेदुखी मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाने होऊ शकते. ती सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत केलेल्या आधुनिक सीटीत रक्त नसेल, तर तो निर्वाळा जवळजवळ पक्का असतो. तोच सीटी पाच दिवसांनी केला तर रक्त पातळ होऊन, वाहून जाऊन दिसेनासं झालेलं असू शकतं, आणि मग पाठीच्या कण्यातलं पाणी तपासावं लागतं. तेव्हा रिपोर्ट वाचताना स्कॅनची वेळ आणि लक्षणं सुरू झाल्याची वेळ शेजारी मांडावी. झोपेतून उठताना हात लुळा आढळला असेल, तर घड्याळ धरायचं ते माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून.

एक ओळ लोक सहसा वाचतच नाहीत: ‘कम्पॅरिझन’. तिथे ‘आधीचा स्कॅन उपलब्ध नाही’ असं असेल, तर एखादा काळपट ठिपका कालचा की पाच वर्षांपूर्वीचा, हे सीटीवर कधीकधी ठरवताच येत नाही. जुनी सीडी आणि जुना रिपोर्ट हाताशी असेल तर रेडिओलॉजिस्ट दोन चित्रं शेजारी लावून एका मिनिटात ते सांगू शकतो. ती नेताना फक्त रिपोर्टचा कागद नको, चित्रंही हवीत, कारण जुन्या रिपोर्टमध्ये ज्याची नोंद करावीशी वाटली नाही ते आज पाहायचं असतं.