खो-खोचा सराव : आज जमलं, उद्या का विसरलं?

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि शाळांच्या मैदानांवर खांब पुन्हा रोवले गेले. पण सराव कसा घेतला जातो? मुलं ओळीत बसतात, सर ‘खो’ म्हणतात आणि सगळी एकाच दिशेला पळतात. असं वीस वेळा. शेवटी पाय सुरेख पडतात, सर खूश होतात. दोन दिवसांनी सामन्यात तीच मुलं उठताना गोंधळतात.

१९७९ साली शी आणि मॉर्गन यांनी एक प्रयोग केला. हाताने छोटे अडथळे ठरलेल्या क्रमाने पाडायचे, असे तीन क्रम शिकायचे होते. एका गटाने एक क्रम पुरा घोटून मग दुसरा घेतला, दुसऱ्या गटाने तिन्ही क्रम मिसळून केले. सरावात पहिला गट सरस ठरला, पण दहा दिवसांनंतरच्या चाचणीत मिसळून शिकलेला गट पुढे गेला. याचं एक स्पष्टीकरण असं : सलग सरावात आधीच्या हालचालीची आखणी मेंदूत तयारच असते, तो ती फक्त पुन्हा वापरतो. मध्ये दुसरी हालचाल आली की आखणी पुसली जाते आणि दर वेळी नव्याने उभी करावी लागते. सामन्यात नेमकं हेच करावं लागतं. मात्र अगदी नवख्या मुलांना, विशेषतः लहानांना, आधी थोडा सलग सराव हवाच. मैदानावर हा फायदा प्रयोगशाळेइतका ठळक दिसत नाही.

म्हणून ४० मिनिटांचा तास असा आखावा. पहिली ८ मिनिटं हलकं धावणं, गुडघे उचलणं, आडवं धावणं. ताण धरून उभं राहणं इथे नको. एक मिनिटाहून जास्त धरलेला ताण स्नायूंची ताकद काही काळ कमी करतो.

पुढची १५ मिनिटं चार बसणारे, एक पाठलाग करणारा आणि एक पळती. खो मिळाल्यावर डावीकडे जाणं, उजवीकडे जाणं आणि खांबाला वळसा घालणं, ही तीन कामं आधी प्रत्येकी पाच वेळा सुटी करून घ्यावीत. मग पळतीने दिशा शेवटच्या क्षणी ठरवावी, म्हणजे बसलेल्याला ती आधी कळणार नाही. इथे चुका वाढतील. सर, घाबरून पुन्हा ओळीत बसवू नका.

नंतर १२ मिनिटं अर्ध्या मैदानावर छोटा डाव : तेच चार बसणारे, एक पाठलाग करणारा, पळती मात्र दोन. शेवटची ५ मिनिटं चालणं आणि सावकाश ताण. यामुळे ‘लॅक्टिक अॅसिड निघून जातं, म्हणून दुसऱ्या दिवशी पाय दुखत नाहीत’ हा समज खोटा आहे. लॅक्टेट साधारण तासाभरात आपोआप ओसरतं. दुखतं ते मांडीचे स्नायू अचानक थांबताना ताणले जाऊन होणाऱ्या सूक्ष्म इजांमुळे.

सराव लागू पडला का, हे त्या दिवशी तपासू नका. पुढच्या तासाला, सराव सुरू होण्याआधी, प्रत्येकाला दहा खो द्या आणि चुकीच्या दिशेला गेलेले व खो मिळण्याआधीच उठलेले मोजा.