बाळाची झोप आणि घराचं वेळापत्रक: 'जुळणी' या कल्पनेची पार्श्वभूमी

मूल रडकं निघालं की दोष आईकडे, हे आपल्याकडच्या सासवांनीच ठरवलेलं नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतले मनोविश्लेषकही बऱ्याचदा तेच म्हणत. न्यूयॉर्कमधल्या स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याला ते पटेना. एकाच घरातली दोन भावंडं पहिल्या महिन्यांपासून इतकी निराळी कशी? १९५६ मध्ये त्यांनी तान्ह्या बाळांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. पुढे १३३ मुलं मोठी होईपर्यंत हे काम चाललं.

भूक-झोपेची नियमितता, नव्या गोष्टीला पहिला प्रतिसाद, रडण्या-हसण्याची तीव्रता अशा नऊ अंगांनी ते स्वभाव पाहत. सुमारे १० टक्के मुलं त्यांना 'अवघड' वाटली. हा शब्द मला खटकतो, कारण मूल कोणाला अवघड हा प्रश्न त्यात दडून जातो. त्याचं उत्तर त्यांच्याच दुसऱ्या पाहणीत सापडलं.

पहिल्या पाहणीतले पालक बहुतेक सुशिक्षित, मध्यमवर्गीय. बाळाने ठरल्या वेळी झोपावं हा त्यांचा आग्रह, त्यामुळे झोपेच्या तक्रारी लवकर आल्या. दुसरी पाहणी त्याच शहरातल्या, पोर्तो रिको बेटावरून आलेल्या कष्टकरी कुटुंबांची. तिथे मूल झोपेल तेव्हा झोपेल अशी रीत होती. तिथे या तक्रारी शाळेचं वय होईपर्यंत फारशा आल्याच नाहीत. सकाळी उठवायची वेळ आली तेव्हा आल्या. उलट, छोट्या घरात कोंडलेल्या चळवळ्या मुलांची तक्रार तिथे मोठी होती. म्हणजे बिघाड एकट्या मुलात किंवा एकट्या आईत नव्हता. स्वभाव आणि मागणी यांची जुळणी होत नव्हती.

हे भांडुपच्या एका खोलीत आणून पाहू. बाळाला कधी आठला झोप, कधी अकराला. आई रजेवर असते, आजी मांडीवर घेऊन बसते, कुणाची तक्रार नाही. मग २६ आठवड्यांची रजा संपते, सकाळची लोकल गाठायची असते आणि पाळणाघरात एक वाजता सगळ्यांना झोपवतात. पंधरा दिवसांत तेच बाळ 'हट्टी' ठरतं आणि आजी म्हणते, "सवयच लावली नाहीस गं."

इथे विचारायचं ते असं: दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातही भूक, शी, झोप यांच्या वेळा अशाच हलत होत्या का? होत्या, तर तो बहुधा स्वभाव. सगळं सुरळीत असताना एकदम बिघडलं असेल, तर आधी कान, पोट, ताप पाहावा. स्वभावच असेल तर वेळ एकदम लादू नये. रात्रीचा क्रम रोज तोच ठेवावा, निजायची वेळ थोडी थोडी अलीकडे आणावी आणि पाळणाघरातल्या ताईंना सांगावं, "झोपला नाही तर शांत खेळू द्या, चालेल."

एक अडचण मात्र उरते. चेस आणि थॉमस यांच्या नोंदी मुख्यत्वे पालकांच्या तोंडून घेतलेल्या होत्या, आणि सलग चार रात्री जागलेल्या आईला कुठलंही बाळ अवघडच वाटतं.