बीएमआयचा यू वेगळा आणि 'जाडे जास्त जगतात' वेगळं

फॅमिली ग्रुपवर दादानं परत टाकलंय, जाड माणसं जास्त जगतात म्हणे, सायन्सनं सिद्ध झालंय. सांगलीत भडंग खात खात हे वाचायला बरं वाटतं हो, पण यात दोन गोष्टींची खिचडी झालीय.

पहिली म्हणजे यू. साध्या पब्लिकमध्ये आडवा बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, आणि उभा मृत्यूचा धोका असा ग्राफ काढला की दोन्ही टोकं वर जातात आणि मध्ये खड्डा पडतो. आता तो खड्डा नेमका कुठं आहे यावरच सगळी भांडणं. 2013 च्या एका मोठ्या आढाव्यात बीएमआय 25 ते 30 वाल्यांचा, म्हणजे थोड्या जाड्यांचा, धोका नॉर्मलवाल्यांपेक्षा 6 टक्के कमी निघाला आणि सगळीकडं बोंब झाली.

आता आमच्या मामांचं बघा. उंची 165 सेंटीमीटर, वजन 74 किलो, म्हणजे बीएमआय 27. मग फुफ्फुसाचा आजार लागला, बिडी आयुष्यभर होतीच, वजन उतरत उतरत 60 वर आलं, बीएमआय 22. शेजारीपाजारी म्हणायचे तब्येत कशी आटोपशीर झाली बघा! दोन वर्षांत गेले. त्या काळात कोणी सर्वे केला असता तर हा मृत्यू 22 च्या खात्यात पडला असता, म्हणजे दोष आजाराचा आणि बदनामी सडपातळपणाची. असे मामा प्रत्येक गावात असतात, त्यामुळं यूची डावी बाजू फुगते आणि खड्डा उजवीकडं सरकतो. 2016 च्या जागतिक अभ्यासात सिगारेटवाले, आधीच आजारी असलेले आणि पहिल्या 5 वर्षांत गेलेले बाजूला काढले, तर खड्डा 20 ते 25 मध्ये आला. फार बारीक असण्याचा धोका तरीही राहिलाच, तो सगळा काही खोटा नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे लठ्ठपणाचा पॅराडॉक्स, जाडे असूनही जास्त जगतात असा उलटा दिसणारा प्रकार, आणि तो पब्लिकचा नाहीच, तो पेशंटचा. हार्ट फेल्युअर झालेल्यांत किंवा डायलिसिसवर असलेल्यांत जाडे जास्त टिकतात असं दिसतं. पण इथं सगळे आधीच आजारी आहेत ना! जाड्याचं हार्ट बऱ्याचदा वजनामुळं बिघडलेलं असतं, बारीक माणसाचं बिघडलं म्हणजे मागं दुसरं काहीतरी दांडगं कारण असण्याची शक्यता जास्त, शिवाय आजारानं खंगलेलेही त्यातच, मग तुलना कशी व्हायची? आणि जाडीमुळं हार्ट फेल्युअर व्हायचे चान्सेस मुळात वाढतात, हे तो ग्राफ दाखवतच नाही कारण ज्यांना झालं नाही ते त्यात नाहीतच.

दादाला मी एवढंच विचारलं, तुझा ग्राफ पब्लिकचा का पेशंटचा, आणि बिडीवाले काढलेत का. त्यावर अंगठा आला नुसता. मग मी 2023 चा एक अभ्यास टाकला, हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये बीएमआयऐवजी कंबर भागिले उंची धरली तर तो फायदा गायब झाला. आता टेप शोधतोय म्हणे.