सगळ्या सिंहवाल्यांना एकच भविष्य का? वृत्तपत्री राशिभविष्याची पार्श्वभूमी

वृत्तपत्री राशिभविष्याची सुरुवात झाली ती एका वैयक्तिक पत्रिकेपासून. २१ ऑगस्ट १९३० रोजी ब्रिटनच्या राजघराण्यात राजकन्या मार्गारेटचा जन्म झाला. लंडनच्या ‘संडे एक्स्प्रेस’ला तिचं भविष्य छापायचं होतं. आपल्याकडेही ज्यांच्या नावाचा दबदबा होता ते भविष्यवेत्ते कीरो त्या वेळी उपलब्ध नव्हते, म्हणून हे काम त्यांचे सहायक आर. एच. नेलर यांच्याकडे गेलं. २४ ऑगस्टला लेख आला. त्यात एका बाळाची जन्मतारीख, वेळ आणि ठिकाण घेऊन मांडलेली कुंडली होती, आणि वाचकांसाठी त्या आठवड्यातल्या वाढदिवसांबद्दल चार ओळी. लेख वाचकांना आवडला. पुढे ऑक्टोबरात नेलर यांनी ब्रिटिश विमानांना धोका असल्याचं लिहिलं. त्याच सुमारास, ५ ऑक्टोबरला, ‘आर १०१’ हे हवाई जहाज फ्रान्समध्ये कोसळून ४८ जण मरण पावले. मग साप्ताहिक सदर पक्कंच झालं.

अडचण लगेच उभी राहिली. लाखो वाचकांपैकी प्रत्येकाची जन्मवेळ विचारणार कशी? त्या काळी पंचांग घेऊन हाताने गणित करावं लागे. बहुतेकांना स्वतःबद्दल खात्रीने ठाऊक असलेली एकच गोष्ट म्हणजे वाढदिवसाची तारीख, आणि तारखेवरून आकडेमोड न करता कळणारी एकच गोष्ट म्हणजे सूर्याची रास. सूर्य दरवर्षी जवळपास त्याच तारखांना त्याच राशीत येतो. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बारा परिच्छेदांचा साचा रुळला. जन्मवेळचा चंद्र, लग्न म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, आणि इतर ग्रहांच्या जागा सदरातून गळाल्या, कारण त्यांच्यासाठी वाचकाकडे माहितीच नव्हती.

भाषा मोघम होण्यामागे कायद्याचाही हात आहे, आणि ही बाजू फार कमी सांगितली जाते. इंग्लंडच्या १८२४ च्या भटकेपणाविरोधी कायद्यात भविष्य सांगणं गुन्हा होता. सूर्यराशीला लोकप्रिय करणारे ॲलन लिओ यांच्यावर १९१४ आणि १९१७ मध्ये खटले झाले. आपण घटना सांगत नाही, फक्त ‘कल’ सांगतो, असा त्यांचा बचाव होता. तरी १९१७ मध्ये त्यांना ५ पौंड दंड झाला. नेलर यांच्यावरही १९३६ मध्ये खटला गुदरला. तिथे निकाल असा लागला की, ठराविक व्यक्तीला उद्देशून नसलेलं वृत्तपत्री लेखन या कलमात बसत नाही. म्हणजे सदर कोणा एकाचं नव्हतं, याच मुद्द्यावर ते सुटलं. त्यामुळे सगळ्यांना उद्देशून लिहिणं ही नुसती सवय राहिली नाही, ते संरक्षणही झालं.

आता सदर लिहिणारा प्रत्यक्षात काय करतो ते पाहू. वाचकाची सूर्यरास तो पहिलं स्थान धरतो आणि त्या दिवशी ग्रह कितव्या स्थानात पडतात ते मोजतो. प्रत्येक स्थान आयुष्यातल्या ठराविक विषयांचं मानलं जातं, जसं चौथं घराचं, सातवं जोडीदाराचं. समजा चंद्र वृश्चिकेत आहे. सिंहेपासून वृश्चिक चौथी, म्हणून सिंहवाल्यांना ‘घरच्यांकडे लक्ष द्या’. वृषभेपासून सातवी, म्हणून ‘जोडीदाराचं ऐकून घ्या’. मेषेपासून आठवी, म्हणून ‘वाहन जपून चालवा’. आकाश एकच, फक्त मोजायची सुरुवात बारा ठिकाणांहून. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस राहतो, गुरू वर्षभर, शनी अडीच वर्षं. रोज बदलण्यासारखं जवळपास काही नसतं आणि जागा तर रोज भरायची असते. आज जे ‘घरच्यांकडे लक्ष द्या’ होतं तेच उद्या ‘कौटुंबिक प्रश्न मार्गी लागतील’ होतं. लेखक आळशी असतो म्हणून हे होत नाही, त्याच्या हातात तेवढंच साहित्य असतं.

मराठी दैनिकांत बहुधा जन्मरास, म्हणजे चंद्ररास, धरून भविष्य देतात आणि इंग्रजी दैनिकांत तारखांवरून सूर्यरास. ५ ऑगस्टला जन्मलेला माणूस इंग्रजी पेपरात सिंह असतो. आपल्याकडच्या निरयन गणिताने त्याचा सूर्य कर्केत असतो, आणि चंद्ररास बारांपैकी कुठलीही असू शकते. दोन पेपरांतली भविष्यं जुळत नाहीत याचं कारण हे आहे. पण चंद्रराशीचं सदरही अखेर बाराच गटांसाठी असतं, त्यामुळे मोघमपणा तिथेही सुटत नाही.

गोचराचं, म्हणजे ग्रहांच्या चालू भ्रमणाचं, वैयक्तिक वाचन वेगळं होतं ते अंशांमुळे. एक उदाहरण घेऊ, पाश्चात्त्य ज्योतिषातल्या सायन गणिताने. डिसेंबर २०२० ते मार्च २०२३ शनी कुंभेत होता, म्हणजे सिंहेच्या बरोबर समोर. सदराने सगळ्या सिंहवाल्यांना सव्वादोन वर्षं ‘नात्यांत संयम ठेवा’ सांगितलं असणार. आता तीन माणसं पाहा. २६ जुलैला जन्मलेल्याचा सूर्य सिंहेच्या ३ अंशांजवळ, १५ ऑगस्टवाल्याचा २२ अंशांजवळ, २० ऑगस्टवाल्याचा २७ अंशांजवळ. पहिल्याच्या सूर्याशी शनीचा नेमका प्रतियोग, म्हणजे त्याच अंशावर समोरासमोर येणं, जानेवारी २०२१ मध्ये झाला आणि संपला. तिसऱ्याचा झाला फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी. मधल्याच्या अंशावरून शनी २०२२ मध्ये तीनदा गेला, आधी मार्गी म्हणजे सरळ, मग वक्री म्हणजे उलटा, आणि पुन्हा मार्गी. त्याच्यासाठी एकच विषय वर्षभर परत परत निघाला, असं वाचन ज्योतिषी करील. पेपरात मात्र तिघांचा परिच्छेद एकच.

यात जन्मवेळ आली की विषयही ठरतो. लग्न सुमारे दोन तासांत बदलतं आणि त्याचा एकेक अंश सरासरी चार मिनिटांत सरकतो. तिसऱ्या माणसाचं लग्न वृषभ असेल, तर त्याचा सूर्य चौथ्या स्थानात आणि शनी दहाव्यात येतो, आणि बोलणं होतं घर आणि नोकरीच्या ओढाताणीबद्दल. लग्न तूळ असेल तर तोच सूर्य अकराव्यात आणि शनी पाचव्यात जातो, तेव्हा मुलं आणि मित्रमंडळींकडे पाहावं लागतं. म्हणून वेळेत अर्ध्या तासाची चूक असेल तर ग्रहांच्या आपसातल्या प्रतियोगाच्या तारखा फारशा हलत नाहीत, पण स्थानांवर आधारलेलं सगळं संशयास्पद होतं. चांगला ज्योतिषी वेळ दवाखान्याच्या नोंदीवरून आहे की आजीच्या आठवणीवरून, हे आधी विचारतो.

इथे एक गोष्ट मला स्पष्टच सांगायची आहे. वैयक्तिक वाचन अधिक नेमकं असतं, म्हणून ते सिद्ध झालं असं होत नाही. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर दिला. त्यातली वाक्यं बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात केलेल्या चाचणीत २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून हुशार मुलं आणि मतिमंद मुलं ओळखायची होती. यशाचं प्रमाण निघालं ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकंच. ही चाचणी जन्मपत्रिकेची होती, गोचराची नव्हे. पण गोचर सांगणाऱ्यानेही ती नजरेआड करू नये.

गोचराच्या वाचनात एक गोष्ट मात्र तपासता येते, ती म्हणजे तारीख. ‘फेब्रुवारी २०२३ च्या आसपास, घर आणि नोकरीबाबत’ असं आधी लिहून ठेवलं, तर ते नंतर चुकलं म्हणता येतं. जन्मवेळ न विचारता, एकही अंश किंवा महिना न देता ‘येता काळ खडतर, पण शेवटी चांगला’ असं कोणी पैसे घेऊन सांगत असेल, तर तो पेपरातलाच परिच्छेद तुमच्या नावाने वाचून दाखवतो आहे.