पार्श्वभूमी : ८०.७३ रुपयांचा बुटका स्तंभ

आकड्यांचे स्तंभ काढायची पद्धत १७८६ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या एका ॲटलासपासूनची. चित्रात दिसणारा फरक आकड्यांतल्या फरकाच्या किती पट आहे, हे मोजून चित्राचा खोटेपणा ठरवायची कल्पना मात्र १९८३ मधली, एका अमेरिकी अभ्यासकाची. आपल्याकडे हा विषय घरोघरी पोचला तो १० सप्टेंबर २०१८ रोजी.

इंधन दरवाढीविरुद्ध त्या दिवशी भारत बंद होता. सत्ताधारी पक्षाने ‘दरवाढीचे सत्य’ सांगणारी दोन ग्राफिक्स टाकली, एक पेट्रोलचे आणि एक डिझेलचे. पेट्रोलच्या चार स्तंभांवर दिल्लीतले दर होते : मे २००४ मध्ये ३३.७१ रुपये, मे २००९ मध्ये ४०.६२, मे २०१४ मध्ये ७१.४१ आणि त्या दिवशीचा ८०.७३. सोबत वाढीचे टक्के होते : २०.५, ७५.८ आणि १३. गंमत अशी की ८०.७३ चा स्तंभ ७१.४१ च्या स्तंभापेक्षा बुटका होता.

लोक हसले आणि पुढे गेले, पण ते चित्र रीतसर तपासण्यासारखे आहे. आधी टक्के पाहू. ४०.६२ ला ३३.७१ ने भागले की १.२०५ येते, ७१.४१ ला ४०.६२ ने भागले की १.७५८ आणि ८०.७३ ला ७१.४१ ने भागले की १.१३. म्हणजे छापलेला एकही टक्का चुकीचा नव्हता. शेवटचा कालखंड पाच वर्षांचा नसून चार वर्षे चार महिन्यांचा होता, पण वर्षाचा सरासरी वेग काढला तरी आधीच्या पाच वर्षांत सुमारे १२ टक्के आणि नंतर ३ टक्क्यांच्या आत येतो. वाढ मंदावली हा दावा खराच होता.

आता उंची. पट्टी शून्यापासून सुरू झाली नाही, असा बचाव अशा वेळी हमखास येतो, म्हणून शून्याला हातच लावायचा नाही. लागोपाठच्या स्तंभांच्या उंचीतला फरक तेवढा मोजायचा. दर अनुक्रमे ६.९१, ३०.७९ आणि ९.३२ रुपयांनी वाढले. पट्टी कुठूनही सुरू होवो, दुसरी पायरी पहिलीच्या साडेचारपट उंच यायला हवी आणि तिसरी पहिलीपेक्षा थोडी मोठी, तीही वरच्या दिशेने. चित्रात तिसरी पायरी खाली उतरते. सरळ चढत्या कोणत्याच पट्टीवर हे बसत नाही.

अशी चित्रे पुढे मोबाइलने काढलेले फोटो म्हणून फिरतात आणि तिरक्या फोटोत जवळच्या बाजूचा स्तंभ मोठा दिसतो. त्यासाठी चित्राच्या चौकटीची डावी आणि उजवी कड मोजावी. ८०.७३ चा स्तंभ केवळ कॅमेऱ्यामुळे शेजाऱ्यापेक्षा ठेंगणा दिसायचा, तर फोटोत एक कड दुसरीच्या दीडपटीहून जास्त भरायला हवी. एवढा तिरका फोटो डोळ्यांना लगेच कळतो.

खरा गुंता ‘वाढ’ या शब्दाचा आहे. दर वाढला म्हणजे रुपये वाढले की वाढीचा वेग वाढला? बचाव असा झाला की स्तंभ दराचे नाहीत, टक्क्यांचे आहेत. पण टक्के तीन आणि स्तंभ चार. पहिल्या स्तंभाला टक्काच नाही, मग त्याची उंची कशाची? शिवाय स्तंभावर रुपये लिहिले की तो रुपयांचाच होतो. फक्त टक्क्यांचे तीन स्तंभ काढले असते, तर कोणालाही बोट ठेवायला जागा उरली नसती. खरे सांगायला खोटे चित्र का काढले, हे मला आजही उमगलेले नाही.

आकड्यांचा उगम तपासायचा, तर पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या कक्षाकडे चार महानगरांचे तारीखवार दर असतात. तिथे शहर बदलले की चित्र बदलते. त्या दिवशी मुंबईत पेट्रोल ८८ रुपयांच्या वर होते. मराठी वाचकाला दिल्लीचा ८०.७३ परका वाटला, यात नवल नाही.

ग्राफिकमध्ये नसलेला आकडा मात्र सर्वांत बोलका होता. मे २०१४ मध्ये कच्चे तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर होते, १० सप्टेंबर २०१८ रोजी ८० च्या खाली. याच काळात पेट्रोलवरचे केंद्रीय उत्पादन शुल्क लिटरला ९.४८ वरून १९.४८ रुपयांवर गेले, म्हणजे बरोबर १० रुपयांची वाढ. दर वाढला ९.३२ रुपयांनी.

जुलै २०२१ मध्ये दिल्लीत पेट्रोल १०० रुपयांच्या पुढे गेले. ७१.४१ पासून मोजले तर ती ४० टक्के वाढ होते, २००९ ते २०१४ च्या ७५.८ पेक्षा तेव्हाही कमीच.