टेम्पोरल डिदरिंग (एफआरसी)

जी छटा एलसीडी पॅनेलला थेट दाखवता येत नाही, तिच्या अलीकडची आणि पलीकडची छटा आळीपाळीने फ्रेमांत दाखवून मधल्या छटेचा भास निर्माण करण्याच्या पद्धतीला टेम्पोरल डिदरिंग म्हणतात. मॉनिटरच्या बाजारात तिचे नाव फ्रेम रेट कंट्रोल, म्हणजे एफआरसी. '१० बिट' किंवा '१.०७ अब्ज रंग' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मॉनिटरांत पॅनेल मुळात ८ बिटचे असते आणि उरलेले २ बिट एफआरसी भरून काढते. काही उत्पादक '८ बिट + एफआरसी' असे स्पष्ट छापतात, काही फक्त रंगांचा मोठा आकडा देऊन थांबतात.

८ बिट पॅनेलवर लाल, हिरव्या आणि निळ्या उपपिक्सेलला प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. १० बिट सिग्नलमध्ये त्या १०२४ होतात, म्हणजे ८ बिटच्या दर दोन पायऱ्यांमध्ये आणखी तीन. समजा सिग्नलमध्ये ५१३ हा आकडा आला. ८ बिटच्या मापात तो १२८.२५ भरतो. तेव्हा चार फ्रेमांपैकी तीन फ्रेमांत पिक्सेल १२८ वर ठेवला जातो आणि एका फ्रेममध्ये १२९ वर. ५१४ आला तर दोन फ्रेम १२८ आणि दोन फ्रेम १२९. ६० हर्ट्झच्या पडद्यावर हे चार फ्रेमांचे चक्र सेकंदाला १५ वेळा फिरते. सगळे पिक्सेल एकदम वरखाली झाले असते तर एवढ्या संथ वेगाने पडदा लुकलुकताना दिसू शकला असता. म्हणून शेजारशेजारच्या पिक्सेलांची चक्रे मुद्दाम मागेपुढे सुरू केली जातात. एक पिक्सेल वर असताना त्याचा शेजारी खाली असतो आणि नेहमीच्या अंतरावरून दोघांची सरासरीच दिसते.

या हिशेबात एक बारीक फट आहे. ८ बिटची शेवटची पायरी २५५. तिच्या वर काही नसल्यामुळे तिच्यापुढे सरासरी काढता येत नाही. त्यामुळे साध्या एफआरसीतून १०२४ ऐवजी १०२१ पायऱ्याच मिळतात. तिन्ही रंगांचा गुणाकार १.०६ अब्ज होतो, खऱ्या १० बिटचा १.०७ अब्ज. जुन्या ६ बिट पॅनेलांच्या जाहिरातीत १.६७ कोटीऐवजी १.६२ कोटी रंग लिहिलेले असत, त्याचे कारणही हेच: ६४ पायऱ्यांतून २५३ निघतात आणि २५३ चा घन १.६२ कोटी येतो.

एफआरसीची बदनामी मुख्यतः त्या ६ बिट पॅनेलांची आहे, आणि ती ८ बिटवर जशीच्या तशी लादणे चुकीचे ठरते. गॅमा, म्हणजे सिग्नलचा आकडा आणि पडद्याचा उजेड यांचे नाते, २.२ धरला तर मधल्या करड्या छटेजवळ ८ बिटची एक पायरी सुमारे १.७ टक्के उजेडाची असते. ६ बिटची पायरी चौपट, म्हणजे जवळपास ७ टक्के. सात टक्क्यांची उलथापालथ गडद करड्या भागात वळवळताना दिसायची, तक्रारी रास्तच होत्या. पावणेदोन टक्क्यांची, तीही पिक्सेलागणिक विखुरलेली, बहुतेकांना नाक पडद्याला टेकवूनही सापडत नाही. अगदी गडद छटांत पायरीचे प्रमाण वाढते, त्यामुळे शोधायचीच असेल तर तिथे, अंधाऱ्या खोलीत शोधावी.

फोटो किंवा व्हिडिओ एडिटिंगपुरता पहिला मुद्दा असा की पॅनेल काहीही असो, फाइल बदलत नाही. डिदरिंग पडद्यापाशी घडते. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये ते उतरत नाही आणि स्क्रीनशॉटमध्येही येत नाही. आकाशाच्या ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसले तर ते फाइलमध्ये आहेत की पडद्यावर, एवढेच ठरवायचे असते. हिस्टोग्राममध्ये कंगव्यासारख्या फटी असतील तर पायऱ्या फाइलमध्येच गळल्या आहेत. ८ बिटमध्ये चित्रित केलेले लॉग, म्हणजे मुद्दाम कमी काँट्रास्टचे, फुटेज ताणले की हे हमखास होते. हिस्टोग्राम सलग असूनही पट्टे दिसत असतील तर संशय पडद्यावर किंवा त्याच्यापर्यंतच्या वाटेवर घ्यावा.

वाटेवरच जास्त गडबड होते. ४के, ६० हर्ट्झ, १० बिट आरजीबी सिग्नलला एचडीएमआयवर सुमारे २२ गिगाबिट प्रति सेकंद लागतात आणि एचडीएमआय २.० ची कमाल १८ आहे. मग ग्राफिक्स कार्ड रंगाची माहिती ४:२:२ वर, म्हणजे आडव्या दिशेने निम्मी, आणते किंवा ८ बिटवर उतरते. दुसऱ्या बाबतीत विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये `8-bit with dithering` असे दिसते. हे डिदरिंग ग्राफिक्स कार्डाचे आहे, पॅनेलच्या एफआरसीशी त्याचा संबंध नाही. उलट तिथे १० बिट दिसले तरी केबलमधून १० बिट चालले आहेत एवढेच सिद्ध होते. पॅनेल आतून काय करते ते संगणकाला कळत नाही. त्यानंतर सॉफ्टवेअरचा प्रश्न उरतो. फोटोशॉपमध्ये `30 Bit Display` चालू करावे लागते. जीफोर्स कार्डांवर अशा सॉफ्टवेअरसाठी १० बिटचा मार्ग २०१९ च्या स्टुडिओ ड्रायव्हरपासून उघडला. त्याआधी त्यासाठी क्वाड्रो हे व्यावसायिक कार्ड लागे. यातली एक कडी तुटली की महागडे खरे १० बिट पॅनेलही ८ बिटच दाखवते.

तपासणी सोपी आहे. १६ बिटच्या डॉक्युमेंटमध्ये, ग्रेडियंटचे स्वतःचे डिदर बंद ठेवून, ८ बिट मापातल्या २० पासून ४० पर्यंतचा करडा ग्रेडियंट ३८४० पिक्सेल रुंदीवर पसरावा आणि १०० टक्के झूमवर पाहावा. वाट ८ बिटची असेल तर सुमारे १९२ पिक्सेल रुंदीचे वीसेक पट्टे दिसतात. १० बिटची असेल तर ते ४८ पिक्सेलांचे होतात आणि त्यांच्या कडा जवळजवळ पुसल्या जातात. एफआरसी पॅनेल आणि खरे १० बिट पॅनेल या चाचणीत डोळ्याला वेगळे ओळखता येणे कठीण असते. ओळखता येत नसेल, तर त्या फरकासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा पडद्याची समानता, काँट्रास्ट आणि कॅलिब्रेशनची सोय पाहणे शहाणपणाचे.

कॅलिब्रेशनमध्ये मात्र जादा बिटांचा खरा उपयोग दिसतो, मग ते एफआरसीचे का असेनात. समजा पडद्याचा निळेपणा कमी करायला निळा रंग ९२ टक्क्यांवर आणावा लागला. ८ बिट आउटपुटमध्ये २५६ पायऱ्या २३६ जागांत कोंबल्या जातात आणि वीसएक पायऱ्या एकमेकींवर पडतात. करड्या ग्रेडियंटमध्ये त्या जागी रंगीत पट्टे उमटतात. १० बिट आउटपुटमध्ये प्रत्येक पायरीला स्वतंत्र जागा मिळते. म्हणजे साध्या ८ बिट जेपीईजीवर काम करणाऱ्यालाही फायदा होतो. एचडीआरमध्ये गरज आणखी वाढते, कारण पीक्यू वक्र १०,००० निट्सपर्यंतचा उजेड एकाच मापात बसवतो आणि ८ बिटच्या पायऱ्या त्यात फार लांब लांब पडतात. एचडीआर१० ने १० बिट बंधनकारक केले ते त्यामुळेच.

काहींना अशा पडद्यांसमोर डोळे शिणल्यासारखे वाटते. त्यांनी आधी बॅकलाइटची पीडब्ल्यूएम लुकलुक तपासावी. तिथे उजेड पूर्ण चालू-बंद होतो आणि तिच्यापुढे एफआरसीचा हेलकावा किरकोळ असतो. एफआरसी बंद करण्याचा पर्याय मॉनिटरच्या मेन्यूत सहसा नसतो. ग्राफिक्स कार्डातून ८ बिट सिग्नल पाठवला तर मधल्या छटा मागितल्याच जात नाहीत आणि एफआरसीला काम उरत नाही. पण मॉनिटरच्या आतला लूक-अप टेबल, म्हणजे आलेल्या आकड्याजागी दुरुस्त आकडा देणारा तक्ता, रंग दुरुस्त करत असेल, तर अपूर्णांकी आकडे तिथेच तयार होतात आणि ८ बिट सिग्नलवरही पिक्सेल दोन पायऱ्यांत हलत राहतात.