काळ्या केसांवर गुलाबी किंवा निळा: आधी किती उजळावं लागतं

काळ्या किंवा गडद तपकिरी केसांवर भडक गुलाबी, निळा असा रंग लावायच्या आधी केसातला मूळ रंग ब्लीचने काढतात, त्याला पार्लरमध्ये प्री-लाइटनिंग म्हणतात. हे भडक रंग बहुतेक वेळा सेमी-पर्मनंट असतात, म्हणजे त्यात डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण, घालायचा नसतो, ते केस उजळत नाहीत, नुसते वरून चढतात, आणि ते जलरंगासारखे पारदर्शक असतात. काळ्या कार्डपेपरवर वॉटरकलरने गुलाबी फूल काढून बघा, काय दिसतं ते, बस्स तसंच. काळ्या केसांवर थेट निळा लावला तर उन्हात जरा निळसर चमक येते आणि घरात आलं की काहीच नाही.

किती उजळायचं हे लेव्हलमध्ये मोजतात. १ म्हणजे कुळकुळीत काळा आणि १० म्हणजे अगदी फिकट पिवळा, केळ्याच्या सालीची आतली बाजू असते ना तसा. आपल्याकडचे बहुतेक केस १ ते ३ मध्ये येतात. ब्लीच लावलं की केस एकदम पिवळे होत नाहीत, आधी लालसर तपकिरी, मग ५ च्या आसपास तांबडट नारिंगी, ६ ला विटेसारखे नारिंगी, ७ ला सोनेरी-नारिंगी, ८ ला पिवळे आणि ९-१० ला फिकट पिवळे असा सगळा प्रवास करावाच लागतो, मधला टप्पा गाळता येत नाही. कारण केसातला काळा-तपकिरी मेलॅनिन लवकर तुटतो आणि लाल-पिवळा मेलॅनिन चिवट असतो, तो शेवटपर्यंत चिकटून राहतो. वर केस ज्याचे बनतात ते केराटिन हे प्रथिन स्वतःच थोडं पिवळसर, त्यामुळे नुसत्या ब्लीचने पांढरेशुभ्र केस होतील ही आशा सोडून द्यायची.

आता खरी गोम अशी की गुलाबी आणि निळ्याला सारखीच लेव्हल चालत नाही. गुलाबी माफ करतो, निळा करत नाही. खाली पिवळा उरला असेल आणि वर गुलाबी चढवला तर तो जरासा कोरलकडे, पीचकडे झुकतो, पण गुलाबीच दिसतो. म्हणून गडद मॅजेंटा ७ वर पण बरा बसतो, हॉट पिंक ८ वर छान येतो, फक्त बेबी पिंक हवा असेल तर १० लागतो. निळ्याचं तसं नाही, पिवळ्यावर निळा म्हणजे हिरवा, हे दुसरीतल्या पोराला पण माहितीये. नारिंगीवर लावला तर अजून वाईट, कारण निळा आणि नारिंगी एकमेकांना मारतात आणि मळकट, चिखलासारखं काहीतरी उरतं. नेव्ही किंवा इंडिगोसारखा गडद निळा ८ वर निभावतो, पण स्वच्छ आकाशी किंवा इलेक्ट्रिक निळा हवा असेल तर ९-१० आणि त्यावर जांभळा टोनर, पिवळेपणा मारायला. टोनरने लेव्हल वाढत नाही हे मात्र लक्षात ठेवा. नारिंगी केसांवर जांभळा टोनर कितीही थापला तरी ते नारिंगीच राहणार, त्यांना अजून ब्लीच लागतं.

ब्लीच म्हणजे पावडर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा डेव्हलपर, बरेचदा १ भाग पावडरला २ भाग डेव्हलपर, पण पाकिटावर जे लिहिलंय तेच धरायचं. डेव्हलपरची ताकद व्हॉल्यूममध्ये मोजतात, २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. लोकांना वाटतं ४० घेतला की एका फटक्यात काम होईल, होतं पण ते केस मोडायचं काम असतं. २० ने सावकाश, दोन-तीन वेळा, मध्ये एखाद-दोन आठवडे केसांना विसावा, हे जास्त शहाणपणाचं. मुळाशी एक-दीड सेंटीमीटर सोडून लांबीला आधी लावायचं, कारण डोक्याच्या उष्णतेने मुळं भराभर उजळतात आणि मग वर पिवळी आणि खाली नारिंगी अशी विचित्र पट्टी दिसते. मिश्रण वाळलं की त्याचं काम थांबतं म्हणून फॉइलमध्ये गुंडाळतात आणि दर दहा मिनिटांनी उघडून बघतात. लेव्हल बघताना थोडं ब्लीच पुसून, बट कोरडी करून, उजेडात बघायची, ओले केस गडद दिसतात आणि बाथरूमच्या पिवळ्या बल्बखाली तर सगळंच फसवं.

मेंदी लावलेल्या केसांची गोष्ट वेगळी आणि आपल्याकडे ती फार येते. मेंदीचा रंग केराटिनलाच धरून बसतो, ब्लीचने तो नारिंगीच्या पुढे सहज जात नाही. नीळ मिसळलेली असेल तर हिरवट छटा निघू शकते. काही तयार पावडरींमध्ये धातूचे क्षार असतात आणि त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतात, वाफ निघते, तुटतात. म्हणून आधी कंगव्यातले किंवा कानामागचे चार केस कापून त्याच मिश्रणात अर्धा तास ठेवून बघायचे. ही टेस्ट करायचा सगळ्यांना कंटाळा येतो, मला पण यायचा.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण सांगते, खांद्यापर्यंत केस, लेव्हल २, कधीच रंग नाही की मेंदी नाही. तिला मानेजवळचा खालचा थर हवा होता, डावीकडे गुलाबी आणि उजवीकडे निळा. ४० ग्रॅम पावडर, ८० मिली २० व्हॉल्यूम, ४५ मिनिटं, केस आले ६ ला, पक्के विटकरी. दहा दिवसांनी परत ताजं मिश्रण, ३५ मिनिटं, आता ८, चांगले पिवळे. ओली बट ताणून बघितली तर थोडी लांबून परत जागेवर येत होती, म्हणजे केस ठीक, रबरासारखी ताणून तशीच लोंबकळत राहिली असती तर तिथेच थांबायला लागलं असतं. तिसरी फेरी करायची तर अजून दहा दिवस थांबा, पण शनिवारी लग्न होतं आणि आम्ही म्हटलं चालतंय. टोनर पण गाळला. शाम्पू करून, कंडिशनर न लावता, कोरड्या केसांवर दोन्ही रंग लावले, अर्ध्या तासाने धुतले. गुलाबी झकास, जरासा रास्पबेरीकडे. निळा मात्र समुद्रहिरवा. ती आरशात बघून म्हणाली, "ताई, हा तर माझा पोपट झाला," आणि रंगाच्या हिशेबाने ते शब्दशः खरं होतं.

दुरुस्तीला परत ब्लीच मारायचा मोह होतो पण तो टाळला, कारण निळ्या रंगाचा हिरवट डाग ब्लीचने कधीकधी अजूनच हट्टी होऊन बसतो. आम्ही निळ्याच्या ४ चमच्यांत १ चमचा जांभळा सेमी-पर्मनंट मिसळून त्याच बटांवर परत चढवला, जांभळ्याने खालचा पिवळा दबला आणि इंडिगोकडे झुकणारा गडद निळा आला. आकाशी नाही, पण पोपटी पण नाही. ब्लीच केलेले केस सच्छिद्र होतात, रंग पटकन पितात आणि तितक्याच पटकन सोडतात, त्यामुळे गार पाण्याने आणि कमी वेळा धुवूनसुद्धा काही आठवड्यांत गुलाबी पीच झाला आणि निळ्यातून खालचा हिरवा परत डोकावायला लागला.